माठाची तोटी मुळाशी गळते तेव्हा: वॉशर बदला, नट आवळू नका

माठाची तोटी जिथं मातीला टेकते तिथून पाणी ठिबकायला लागलं की बहुतेक घरांत पहिला हात पकडीकडे जातो. नट अजून थोडा आवळला की गळायचं थांबेल, असा हिशेब असतो. नेमके याच वेळी माठ तडकतात. भोकाच्या कडेपासून केसाएवढी रेघ निघते, दोन दिवसांत ती बोटभर होते आणि किरकोळ दुरुस्तीपायी अख्खा माठ जातो.

आवळण्याची गरजच का नसते, ते आधी समजून घ्यायला हवं. बारा लिटरच्या माठात तोटीच्या वर जास्तीत जास्त वीतभर पाणी उभं असतं, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर. दुमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून खालच्या नळाला जो दाब येतो, तो याच्या तीसपट तरी असतो. माठातलं पाणी तोटीवर जवळजवळ दाब देतच नाही. तरीही ते गळतं, याचा अर्थ वॉशर आणि माती यांच्यात कुठंतरी फट राहिली आहे. फट भरायला मऊ, जाड आणि योग्य मापाचा वॉशर लागतो. जोर लावून ती भरत नाही.

आधी गळतंय ते तोटीच का, हे पाहा

माठ पाझरतो, तो त्याचा धर्मच आहे. भिंतीतून बाहेर आलेलं पाणी वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा पाझर दिसतसुद्धा नाही. पण वळवाचा पाऊस पडून गेला किंवा जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस लागला, की हवेतला दमटपणा वाढतो आणि पाझरलेलं पाणी वाळत नाही. ते अंगावरून ओघळत खाली येतं, वाटेत तोटी आडवी येते म्हणून तिच्यावर जमतं आणि तिथून थेंब पडतो. बघणाऱ्याला वाटतं तोटी गळते.

ओळखायला सोपी तपासणी आहे. माठ भरलेला असताना तोटी आणि तिच्या भोवतीची चार बोटं जागा सुती फडक्यानं कोरडी पुसा. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी तोटीच्या वरच्या बाजूला मातीवर आडवी दाबून धरा, दुसरी पट्टी तोटीच्या खाली. पाचेक मिनिटांत वरची पट्टी आधी ओली झाली तर पाणी अंगावरून येतंय, तोटीचा दोष नाही. वरची कोरडी राहून खालची भिजली तर गळती जोडावरच आहे. दोन्ही पट्ट्या कोरड्या आणि तोटीच्या तोंडातून मात्र थेंब पडतोय, असं असेल तर तोटीच्या आतली झडप गेलेली असते. माठाच्या प्लास्टिकच्या तोटीची झडप दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, तोटीच नवी आणावी.

खालची पट्टी भिजली तरी एक शंका उरते: गळतंय ते जोडातून की भोकाखालच्या तड्यातून? पाणी काढत काढत पातळी भोकाच्या खाली आणा, अंग पुसा आणि तासभर थांबा. गळणं थांबलं तर बहुधा जोड. भोकाच्या खाली एका रेघेत ओल येतच राहिली तर तडा आहे, आणि मग वॉशर बदलून काही साधणार नाही. त्याबद्दल पुढं येईलच.

फट पडते कुठं

माठाची भिंत गोल आणि वॉशर सपाट, इथंच सगळी अडचण आहे. बारा लिटरच्या गोल माठाचा पोटाजवळचा व्यास साधारण ३० सेंटिमीटर असतो. अशा गोलाईवर ४० मिलिमीटर रुंदीचा सपाट वॉशर ठेवला, तर त्याची आतली कड आणि बाहेरची कड यांच्यात जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक पडतो. बाहेरच्या बाजूनं माठ फुगीर आहे, म्हणून वॉशर भोकाजवळ टेकतो आणि त्याची बाहेरची कड अधांतरी राहते. आतून माठ खोलगट, तिथं उलटं होतं: बाहेरची कड टेकते आणि भोकाजवळ पोकळी राहते. हा फरक रबरानं दबून भरून काढायचा असतो. दोन मिलिमीटरचा कडक झालेला जुना वॉशर एक मिलिमीटर दबू शकत नाही. मग माणूस नट आवळतो आणि सगळा जोर मातीच्या एका अरुंद कडेवर येतो.

म्हणून मोठा वॉशर जास्त चांगला, हा समज सोडून द्यावा. तोच वॉशर ३२ ते ३५ मिलिमीटर रुंदीचा घेतला तर फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येतो आणि तीन मिलिमीटर जाडीचा मऊ रबर तो सहज पेलतो. भोकाच्या कडेच्या बाहेर चारही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर माती झाकली गेली की पुरे. उभ्या भिंतीचा, डब्यासारखा सरळ माठ असेल तर गोलाई फक्त आडवी असते, आणि बाहेरून फट पडली तर तोटीच्या डाव्या-उजव्या अंगाला पडते.

पाण्याला बाहेर यायला दोन वाटा असतात, आणि दुसरी फार कमी लोकांच्या लक्षात येते. पहिली वाट म्हणजे आतला वॉशर आणि माती यांच्यामधली फट. दुसरी वाट आट्यांची. तोटीच्या दांडीला जे आटे असतात त्यांच्या चरीतून पाणी नटाखालून सरकत भोकात येतं. आतला वॉशर मातीवर कितीही छान बसला तरी त्याचं भोक दांडीवर सैल असेल, तर पाणी या चरीतून येत राहतं. वॉशर नवा घालूनही गळतंय अशी तक्रार असते, तिथं बहुतेकदा हेच झालेलं असतं. म्हणून वॉशर दांडीवर सरकवताना थोडा ताणून, आट्यांवरून ओढत बसवावा लागेल इतका घट्ट हवा.

सामान

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी किंवा शाहूपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘माठाची चावी’ मागितली की प्लास्टिकची तोटी, दोन वॉशर आणि नट असा संच मिळतो. बहुतेक संच अर्धा इंची आट्यांचे असतात आणि त्या आट्यांची बाहेरची जाडी २१ मिलिमीटरच्या आसपास भरते. सगळ्या तोट्या मात्र अर्धा इंची नसतात. त्यामुळे नुसता वॉशर आणायला जाताना जुनी तोटी सोबत न्यावी आणि दुकानातच वॉशर दांडीवर चढवून पाहावा.

संचासोबत येणारे वॉशर पातळ आणि कडक असतात. ते बाजूला ठेवून तीन मिलिमीटर जाडीचे मऊ वॉशर दोन घ्या, शक्यतो पांढऱ्या किंवा पारदर्शक सिलिकॉनचे, पिण्याच्या पाण्याला चालणारे. नखानं दाबल्यावर खळगा पडला आणि लगेच भरून आला तर रबर योग्य. सायकलच्या ट्यूबमधून कापलेला वॉशर बरेच जण वापरतात. त्याचा वास पाण्याला लागतो, त्यामुळे आतल्या बाजूला तो नकोच. बाकी लागेल ते एवढंच: प्लास्टिकची एक पातळ सपाट चकती (ती नट आणि रबराच्या मध्ये जाते), टेफ्लॉन टेप, १२० नंबरचा पॉलिश पेपर, नारळाची शेंडी आणि १० ग्रॅम मधमाशीचं मेण. मेण काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. मेणबत्ती त्याची जागा घेऊ शकत नाही. ती ठिसूळ असते आणि थोडं हललं तरी मातीपासून सुटते.

पितळी तोटी दिसायला देखणी, पण तिचं वजन सतत भोकाच्या खालच्या कडेवर लोंबतं. पातळ भिंतीच्या माठाला प्लास्टिकचीच बरी.

जुनी तोटी काढणं

माठ रिकामा करा. भरलेल्या माठावर, तो घडवंचीवर असताना, काम करू नका. जमिनीवर जाड गोधडी किंवा चुंबळ ठेवून त्यावर माठ आडवा टेकवा, तोटी आडव्या दिशेला किंवा थोडी वर येईल असा. हातातल्या बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून ठेवा. माठाच्या तोंडाची कड हात आत-बाहेर करताना सगळ्यात आधी टवकते.

एक हात आत घालून नट धरा, दुसऱ्या हातानं बाहेरून तोटी स्थिर ठेवा. फिरवायचा नट, तोटी नव्हे. तोटी फिरवली तर बाहेरचा वॉशर मातीवर घासतो आणि दांडी भोकाच्या कडेला भिडून कपचा उडवते. आत काही दिसत नसल्यामुळे दिशा चुकते, म्हणून लक्षात ठेवा: माठाच्या आतून तोटीकडे पाहिलं असता नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवला की सुटतो. तुम्ही तोटीसमोर बसला असाल तर तुमच्या बाजूनं ही दिशा बरोबर काट्यांप्रमाणे दिसेल.

बोरिंगचं पाणी वापरणाऱ्या घरांत नटावर पांढरा क्षार जमून तो दगडासारखा बसतो. अशा वेळी नटावर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं तासभर दाबून ठेवा आणि पुन्हा बोटांनी प्रयत्न करा. तरीही हलला नाही तर आत पकड घालू नका. तोटी नाहीतरी बदलायचीच आहे. हॅकसॉच्या पात्यानं तोटीचा बाहेरचा भाग कॉलरच्या, म्हणजे बाहेरच्या वॉशरला टेकणाऱ्या रुंद कडेच्या, पुढं कापून टाका, मग कॉलरला दोन-तीन ठिकाणी चिरा देऊन तिचे तुकडे पकडीनं बाहेरच्या दिशेला मोडून काढा. पातं मातीला लागू नये म्हणून मध्ये जुन्या पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरा. कॉलर गेली की दांडी नटासकट आत ढकलली जाते.

भोक पाहणं आणि बसकण तयार करणं

तोटी निघाल्यावर घाई करू नये. अर्धं काम इथं आहे. माठ तोंड खाली करून सावलीत एक दिवस वाळू द्या, मेण लावणार असाल तर दोन दिवस. ओल्या मातीवर मेण धरत नाही. शिवाय ओली असताना भोकाची कड जास्त लवकर चुरते. वाळवायला मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवलात तर एक पथ्य पाळा: तापलेल्या माठात लगेच गार पाणी ओतू नका, तो तडकतो. सावलीत आणून पूर्ण निवू द्या.

माठ कोरडा झाला की बोटाच्या पेरानं ठोका. खणखणीत आवाज आला तर माठ धड आहे. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा गेलाय. ही परीक्षा वाळलेल्या, रिकाम्या माठाचीच घ्यायची, कारण ओला माठ धडधाकट असला तरी बद्दच वाजतो. तडा शोधायला भोकाभोवती ओलं फडकं फिरवा आणि पाहत राहा. पाणी मातीत जिरून पृष्ठभाग फिकट होत जाईल, पण तड्यात पाणी थोडा वेळ जास्त टिकतं, म्हणून तिथं गडद रेघ उरते.

आता भोकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. थापटून केलेल्या माठाच्या आत कुंभार दगडी गोळा धरतो आणि बाहेरून थापीनं मारतो, म्हणून आतली बाजू उंचसखल असते. भोकाभोवतीच्या दोन बोटं पट्ट्यात उंचवटे लागतील. भोक भाजल्यानंतर पाडलं असेल तर कड खडबडीत आणि कपचे उडालेली असते. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून हलक्या हातानं गोल गोल घासा, उंचवटा बोटाला लागेनासा होईपर्यंत. त्यापुढे घासू नका, भिंत आठ-दहा मिलिमीटरच्या आतबाहेरच असते. जुन्या वॉशरचे चिकटलेले तुकडे आणि क्षार नारळाच्या शेंडीनं कोरडेच खरवडा. साबण अजिबात नको. माती साबण पिते आणि मग तो पाण्यात उतरत राहतो.

भोक आणि दांडी यांच्यात चारही बाजूंनी साधारण एक मिलिमीटर मोकळी जागा हवी. दांडी भोकात अडकत असेल तर ती ठोकून बसवू नका. भोकच कागदानं किंचित घासून वाढवा. उलट भोक फार मोठं असेल तर दांडी एका अंगाला पडते आणि वॉशर दुसऱ्या अंगाचं भोक नीट झाकत नाही. अशा वेळी दांडीच्या मधल्या भागावर, जो भिंतीच्या आत राहणार आहे तिथं, सुती दोऱ्याचे वेढे देऊन ती मध्यावर धरून ठेवावी.

मेण कशासाठी? भोकाच्या कापलेल्या कडेतून पाणी मातीच्या पोटात शिरतं आणि बाहेरच्या वॉशरच्या आजूबाजूला ओल म्हणून फुटतं. शिवाय वॉशर जिथं टेकणार तिथले बारीक खड्डे मेणानं भरून निघतात. एका वाटीत मेण घेऊन ती गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. ते ६२ ते ६४ अंशांच्या आसपास वितळतं, थेट आचेवर ठेवायची गरज नाही. माठाचा तो भाग थोडा वेळ उन्हाला धरून कोमट करा, नाहीतर मेण मातीवर पडताच गोठून पापुद्रा धरतं आणि नंतर सुटतं. काडीला कापूस गुंडाळून भोकाच्या कडेला आणि आतल्या बाजूला वॉशर बसेल तेवढ्याच रिंगणात पातळ हात द्या. मातीनं मेण शोषून तिचा रंग गडद झाला पाहिजे. वर जाड थर उरला असेल तर तो कोमट असतानाच फडक्यानं पुसून घ्या. त्या रिंगणाबाहेर मेण जाऊ देऊ नका. जिथं मेण लागतं तिथं माठाची छिद्रं बुजतात.

बसवणं

नवे वॉशर रात्रभर पाण्यात भिजत ठेवून धुऊन घ्या म्हणजे रबराचा वास निघतो. आता क्रम असा: तोटीची कॉलर, तिला लागून पहिला रबरी वॉशर, मग माठाची भिंत, आतून दुसरा रबरी वॉशर, त्यावर प्लास्टिकची चकती आणि शेवटी नट. चकती नसेल तर नट फिरताना रबराला सोबत ओढतो, वॉशरला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून पाणी येतं.

टेफ्लॉन टेप दांडीच्या टोकाकडच्या आट्यांवर, नट जिथं बसणार तिथं, तीन ते चार वेढे द्या. दांडीचं टोक आपल्याकडे धरून काट्यांच्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे नट चढताना टेप उलगडत नाही. दहा-बारा वेढे दिलेत तर प्लास्टिकचा नट चिरतो. टेप वॉशर आणि मातीच्या मध्ये कधीच घालू नका. तिथं ती फक्त घसरते.

पहिला वॉशर कॉलरपर्यंत नेऊन तोटी बाहेरून भोकात घाला. आतून दुसरा वॉशर आट्यांवरून ओढत मातीपर्यंत आणा, बोट फिरवून तो सगळीकडून टेकलाय याची खात्री करा, मग चकती, मग नट. नट पहिल्या दोन फेऱ्यांत अगदी हलका फिरला पाहिजे. अडखळला तर आटे वाकडे धरले गेलेत. काढून पुन्हा लावा.

नट रबराला टेकला की थांबा. तोटीचं तोंड बरोबर खाली आहे ना पाहा, कारण यानंतर तोटी फिरवायची नाही. मग बाहेरून तोटी घट्ट धरून आतला नट फक्त तीन बोटांनी, जेवढा फिरेल तेवढा फिरवा. त्यावर अजून पाव फेरी. बाहेरून पाहिलं तर रबर कॉलरच्या कडेला सगळीकडून सारखा किंचित फुगलेला दिसेल. एकाच बाजूला फुगला असेल तर तोटी तिरकी बसली आहे. नट सैल करून सरळ करा. रबर कॉलरच्या बाहेर ओघळल्यासारखा आला असेल तर जास्त आवळलंय, थोडं परत फिरवा. पान्हा किंवा पकड या कामात कुठंच लागत नाही.

पाणी भरून पाहणं

माठ थेट काठोकाठ भरू नका. आधी भोकाच्या वर दोन बोटं पाणी येईल इतकंच भरा आणि अर्धा तास थांबा. वाळलेली माती पहिल्यांदा भरपूर पाणी पिते, त्यामुळे पातळी थोडी उतरली तर ती गळती समजू नये. तोटीखाली कोऱ्या वर्तमानपत्राचा तुकडा पसरा. त्यावर गोल डाग पडला तर थेंब पडतोय. कागद नुसता दमट झाला तर पाझर आहे. कागद कोरडा राहिला की माठ पूर्ण भरा आणि रात्रभर ठेवा.

एक उदाहरण घेऊ. मंगळवार पेठेतल्या एखाद्या घरात बारा लिटरचा लाल माठ आहे, दोन उन्हाळे वापरलेला. चार सेकंदांना एक थेंब पडतो. थेंब लहान वाटतो, पण तासाला नऊशे थेंब होतात आणि दिवसाला लिटरभर पाणी तरी जातं. पट्टीची तपासणी केली, खालची पट्टी भिजली. पातळी भोकाखाली नेल्यावर गळणं थांबलं, म्हणजे जोडच. तोटी काढल्यावर दिसतं की आतला वॉशर ४० मिलिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड, दुमडल्यावर चिरा पडतील इतका कडक, आणि त्याच्यावर मातीचा वण फक्त बाहेरच्या कडेला उमटलेला. आतली कड स्वच्छ, म्हणजे तिथं तो मातीला कधी टेकलाच नव्हता. या जागी ३४ मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड सिलिकॉनचा वॉशर घातला. दोन बोटं पाण्यावर कागद कोरडा राहिला. पूर्ण भरल्यावर मात्र तासाभरानं एक थेंब आला. आता नट आवळायचा मोह होतो. त्याऐवजी थेंब कुठून सुटतोय ते पाहिलं: कॉलर आणि रबराच्या मधून, रबर आणि मातीच्या मधून नव्हे. म्हणजे बाहेरचा रबर मातीवर नीट बसलाय आणि पाणी आट्यांच्या चरीतून दांडीला धरून पुढं आलंय. माठ रिकामा केला, नट काढला, आतला वॉशर दांडीवर सैल असल्याचं दिसलं. तो घट्ट भोकाचा घातला, टेप नव्यानं गुंडाळली, पुन्हा तीन बोटं आणि पाव फेरी. सकाळी कागद कोरडा. थेंब सुटण्याची नेमकी जागा कळली की कुठला वॉशर चुकला ते कळतं, आणि त्यासाठी बॅटरीच्या उजेडात दोन मिनिटं बघत बसणं पुरतं.

बाहेरून लेप देण्याबद्दल

एम-सील किंवा तसली दोन गोळ्या मळून लावायची पुट्टी इथं वापरू नये. ती ओल्या मातीला चिकटत नाही, वाळल्यावर ताठ होते, आणि तोटी वापरताना होणाऱ्या रोजच्या हालचालीनं तिची कड सुटते किंवा मातीचा कपचा घेऊन निघते. पिण्याच्या पाण्याशी तिचा संबंध येणंही बरं नाही. पांढरं सिमेंट दोन-चार दिवस टिकतं आणि मग चिरा धरतं.

सिलिकॉन सीलंट चालतं, पण अटी आहेत. बाथरूमसाठी विकल्या जाणाऱ्या सीलंटमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, ते माठाला नको. पाकिटावर अन्नासाठी किंवा मत्स्यपेटीसाठी चालेल असं लिहिलेलंच घ्या. माठ पूर्ण वाळलेला असावा, आणि लावल्यावर किमान २४ तास पाणी नको. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो जाईपर्यंत थांबा. तेही फक्त भोकाच्या कडेला आणि वॉशरखाली, पातळ. तोटीभोवती वितभर सिलिकॉन फासलं तर तेवढ्या जागेतून माठ पाझरायचा थांबतो आणि पाणी कमी गार होतं. शिवाय पुढच्या वेळी तोटी काढताना ते खरवडावं लागतं, तेव्हा मातीही निघते. मेणानं भागत असेल तर मेणच बरं.

तडा असेल तर

भोकाच्या कडेचा तडा वॉशरखाली झाकला जाईल इतका, म्हणजे चार-पाच मिलिमीटरच्या आत असेल, तर त्यात मेण जिरवून माठ आणखी एक उन्हाळा वापरता येतो. हलक्या पेन्सिलीनं तड्याच्या टोकावर खूण करून ठेवा. खुणेच्या पुढं तो सरकला तर पाण्यासाठी तो माठ संपला. वॉशरच्या बाहेर गेलेला तडा कुठल्याच लेपानं थांबत नाही, कारण भरलेल्या माठाच्या वजनानं तो रोज थोडा उघडतो. असा माठ रोपासाठी ठेवावा आणि गंगावेश, शाहूपुरी कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्पातून नवा आणावा. घेताना भोक आतून बोटानं तपासा, आणि शक्य असेल तर भाजण्याआधीच भोक पाडलेला माठ निवडा. त्याची कड गुळगुळीत असते.

नवी तोटी लावलेला माठ घडवंचीवर ठेवताना तोटी लाकडाला किंवा लोखंडी कड्याला टेकत नाही ना, ते पाहा. टेकत असेल तर भरलेल्या माठाचं वजन तोटीमार्फत भोकावर येतं आणि महिनाभरात गळती परत लागते. खाली चुंबळ घालून माठ बोटभर वर उचला. पेला तोटीवर दाबून पाणी घेण्याची मुलांची सवय असते, तीही जोड हलवते. तोटी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं उघडायला सांगावं. माठ उचलताना तोटीला धरू नये. वॉशर दर वर्षी होळीच्या सुमारास, माठ माळ्यावरून काढला की, भरण्याआधी दुमडून पाहा. चीर दिसली तर तेव्हाच बदला. माठ कोरडा असतो, त्यामुळे वाळवायचे दोन दिवस वाचतात.